दुबईचं बिल फोटोवरून कसं वाचायचं: युनिट, स्लॅब आणि खालच्या ओळी

ऑगस्टचं बिल सप्टेंबरात आलं की मला फोटो यायला लागतात. २०२५ मध्ये पहिला फोटो भाच्याचा होता. तो नाशिकहून येऊन चार महिने झाले होते, दुबईच्या करामा भागात दोन बेडरूमचं घर घेतलं होतं. फोटोखाली एकच ओळ: "मामा, लाइट बिल तेराशे दिरहम! मीटर खराब आहे का?"

मीटर खराब नव्हता आणि लाइट बिलही तेराशे नव्हतं. पण कागद हातात नसताना, नुसत्या तिरक्या फोटोवरून हे ठरवायला एक क्रम लागतो. तोच क्रम इथे लिहितो आहे, भाच्याच्या बिलाच्या आकड्यांसकट. दुबईत नव्याने आलेल्यांना तो उपयोगी पडेल, आणि मुलाने पाठवलेला फोटो पुण्यात बसून बघणाऱ्या आईवडिलांनाही. अबू धाबी आणि शारजाचे दर वेगळे आहेत, बिलंही वेगळी असतात, त्यामुळे हा हिशेब फक्त दुबईचा धरा.

आधी फोटो धड आहे का ते बघा

दुबईत वीज आणि पाणी एकाच संस्थेकडून येतं. दुबई वीज व पाणी प्राधिकरण असं तिचं पूर्ण नाव, बोलताना सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं देवा म्हणतात. बिल अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतं, आकडे मात्र आपल्याला वाचता येणारे असतात. लोक घाईत फोटो काढतात तो बहुतेक वेळा फक्त खालच्या एकूण रकमेचा. तेवढ्यावर काहीच सांगता येत नाही. पान पूर्ण हवं, चारही कोपरे दिसायला हवेत, आणि दुसरं पान असेल तर तेही हवं. ॲपमधून बिलाची फाइल उतरवता येत असेल तर फोटोपेक्षा ती कधीही बरी.

फोटो मोठ्या ग्रुपवर टाकायचा असेल तर खातेक्रमांक, नाव आणि फोन नंबर झाका. हिशेब तपासायला त्यातलं काहीच लागत नाही.

मग वर दोन गोष्टी बघा. पहिली, बिलाचा काळ: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. महिना म्हटलं तरी दिवस कमीजास्त असतात, आणि घरात शिरल्यावरचं पहिलं बिल तर अर्ध्या महिन्याचंही असू शकतं. अठ्ठावीस दिवसांच्या बिलाची बत्तीस दिवसांच्या बिलाशी तुलना करून "खर्च वाढला" म्हणण्यात अर्थ नाही. युनिटना दिवसांनी भागा आणि रोजचा आकडा काढा. दुसरी, जागेचा क्रमांक. दुबईत प्रत्येक घराला नऊ आकडी क्रमांक असतो, त्याला प्रिमाइस नंबर म्हणतात, आणि त्याची पट्टी बहुतेक घरांच्या दाराजवळ लावलेली असते. बिलावरचा आणि दारावरचा क्रमांक एकच आहे ना, हे एकदा बघून घ्या. सगळं बरोबर वाचूनही बिल दुसऱ्याच घराचं निघालं तर ती मेहनत वाया जाते.

आता रीडिंग, आणि पुसट आकडा परत मिळवायची युक्ती

विजेच्या भागात मीटर नंबर, आधीचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि वापर असे आकडे असतात. वापर म्हणजे दोन रीडिंगमधला फरक, किलोवॉट-तासात. आपण त्यालाच युनिट म्हणतो. महावितरणचं युनिट आणि इथलं युनिट यांत काडीचाही फरक नाही.

भाच्याच्या फोटोत आधीचं रीडिंग स्वच्छ दिसत होतं, ४८,२१७. आताच्या रीडिंगवर मात्र फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता. ५०, मग डाग, मग ०२. तो म्हणाला ५०,१०२ असेल, मला ते ५०,७०२ वाटत होतं. सहाशे युनिटचा फरक. नवीन फोटो मागवायच्या आधी मी खालच्या ओळी बघितल्या, कारण तिथे हीच माहिती पैशांच्या रूपात पुन्हा छापलेली असते.

खाली दोन रकमा होत्या: ४६०.०० आणि १३५.८०. पहिल्या टप्प्याचा दर २३ फिल्स, आणि शंभर फिल्सचा एक दिरहम. ४६० ला ०.२३ ने भागलं की बरोबर २,००० युनिट येतात, म्हणजे पहिला टप्पा पूर्ण भरला. दुसऱ्या टप्प्याचा दर २८ फिल्स. १३५.८० भागिले ०.२८ म्हणजे ४८५. एकूण २,४८५ युनिट. ४८,२१७ मध्ये ते मिळवले की ५०,७०२. डागाखाली ७ होता.

ही उलटी तपासणी प्रत्येक फोटोवर करा, आकडे स्वच्छ दिसत असले तरी. फोटोत ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांची गल्लत फार होते, आणि स्वल्पविराम की दशांशचिन्ह हेही कळत नाही. रीडिंगचा फरक, छापलेला वापर आणि रकमेला दराने भागून आलेले युनिट, हे तिन्ही जुळले तर तुम्ही बिल बरोबर वाचलंत. एखादा जुळला नाही तर आधी आपल्या वाचण्यावर शंका घ्या. तरीही जुळेना तरच बिलावर घ्या.

स्लॅबची भीती

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोक्यात ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे पक्के बसलेले असतात. ३०० च्या वर गेलं की पोटात गोळा येतो. त्यामुळे २,४८५ हा आकडा बघूनच लोक हबकतात. इथले घरगुती टप्पे फार रुंद आहेत. परदेशी रहिवाशाला पहिल्या २,००० युनिटपर्यंत २३ फिल्स, २,००१ ते ४,००० ला २८, ४,००१ ते ६,००० ला ३२ आणि त्याच्या वर ३८ फिल्स. बिलावर हे टप्पे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांनी दाखवतात. काळ्यापांढऱ्या झेरॉक्सचा फोटो असेल तर रंगाऐवजी दराचा आकडा बघा.

दर वर्षी मला कुणीतरी सांगतं की २,००० ओलांडले की सगळ्याच युनिटना पिवळा दर लागतो. तसं नाही. ओलांडलेल्या युनिटनाच वरचा दर लागतो, खालचे २,००० हिरव्यातच राहतात. आपल्याकडेही हिशेब असाच टप्प्याटप्प्याने होतो, फक्त तिथे टप्पे अरुंद आणि दरांतली उडी मोठी, म्हणून ती बोचते.

भाच्याला मी ती उडी पैशांत काढून दाखवली. पिवळ्या टप्प्यात त्याचे ४८५ युनिट गेले. हिरव्यापेक्षा तिथे दर ५ फिल्सने जास्त. म्हणजे २४.२५ दिरहम, आणि पाच टक्के व्हॅट धरून साधारण साडेपंचवीस. तेराशेच्या बिलात स्लॅब ओलांडल्याची किंमत एवढीच. "दोन हजाराच्या आत राहायला हवं" म्हणून महिन्याच्या शेवटी मुलांना घामात झोपवणारी घरं मी बघितली आहेत, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. त्या आठवड्यात पैसा वाचतो तो युनिट कमी झाल्याने. रेषेच्या अलीकडे राहिल्याने जवळजवळ काहीच वाचत नाही.

विजेच्या खालची ओळ: इंधन अधिभार

टप्प्यांखाली इंधन अधिभाराची ओळ येते. महावितरणच्या बिलात इंधन समायोजन आकार असतो, त्याचंच हे भावंड. वीज तयार करायच्या इंधनाची किंमत बदलली की हा दर बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या फोटोवरून यंदाचा दर धरू नका; तो त्याच बिलावर छापलेला असतो. हा अधिभार टप्पे बघत नाही, सगळ्या युनिटवर सारखा लागतो. भाच्याच्या बिलात तो युनिटला ६ फिल्स धरू. २,४८५ युनिटचे १४९.१० दिरहम झाले.

मग विजेचा हिशेब असा: टप्प्यांचे ४६० आणि १३५.८० मिळून ५९५.८०, त्यात अधिभार १४९.१०. एकूण ७४४.९०. मीटर सेवा आकाराची छोटीशी ठरावीक ओळही काही बिलांत असते, ती मी सोपेपणासाठी बाजूला ठेवली आहे. तुमच्या बिलात असेल तर मिळवून घ्या.

पाणी: गॅलन की घनमीटर

पाण्याच्या भागात लोक अडखळतात ते एककात. जुन्या फोटोंत पाणी गॅलनमध्ये दिसतं, आणि तो गॅलन ब्रिटिश, साडेचार लिटरपेक्षा थोडा मोठा. मीटरवर मात्र घनमीटर असतो, म्हणजे हजार लिटर. एका घनमीटरचे साधारण २२० गॅलन होतात. हे एक रूपांतर लक्षात असलं की कुठल्याही काळातला फोटो वाचता येतो.

भाच्याच्या मीटरने ६१२ पासून ६२६ पर्यंत मजल मारली होती, म्हणजे १४ घनमीटर, ३,०८० गॅलन. पाण्यालाही टप्पे आहेत, पण दोघातिघांचं घर बहुतेक पहिल्याच टप्प्यात राहतं. तिथे गॅलनला साडेतीन फिल्स, घनमीटरला ७.७० दिरहम. चौदांचे १०७.८०. पाण्यालाही इंधन अधिभार असतो, कारण दुबईचं पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं आणि त्याला ऊर्जा लागते. तो गॅलनला ०.४ फिल्स धरला तर १२.३२. पाणी झालं १२०.१२.

वीज आणि पाणी मिळून ८६५.०२, त्यावर पाच टक्के व्हॅट ४३.२५. हा व्हॅट अमिरातींत १ जानेवारी २०१८ पासून आहे. त्याआधीचा फोटो कुणी दाखवला तर त्यात ही ओळ सापडणार नाही.

आतापर्यंत ९०८.२७ झाले. तेराशेतले जवळजवळ चारशे अजून बाकी आहेत, आणि त्यांचा ना दिव्याशी संबंध आहे ना नळाशी.

पालिकेच्या दोन ओळी

बिलाच्या एका कोपऱ्यात दुबई महापालिकेचा भाग असतो. देवा ही रक्कम पालिकेसाठी गोळा करते. नवख्या माणसाची नजर इथे पोहोचतच नाही, म्हणून सगळी रक्कम विजेच्या नावावर जाते.

मोठी ओळ घरपट्टीची, हाउसिंग फी म्हणतात तिला. भाडेकरूकडून वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के घेतात, बारा महिन्यांत वाटून. भाडं कुठलं, तर इजारीत नोंदवलेलं. इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी. भाच्याचं भाडं वर्षाला ८४,००० दिरहम. पाच टक्के ४,२००, महिन्याला ३५०. तो महिनाभर गावी गेला, एकही बटण दाबलं नाही, तरी हे ३५० येणारच.

ही ओळ मी सगळ्यात नीट तपासायला सांगतो, कारण खरी चूक सापडते ती बहुधा इथेच. या ओळीच्या आकड्याला १२ ने गुणा आणि २० ने गुणा. ३५० गुणिले १२ म्हणजे ४,२००, गुणिले २० म्हणजे ८४,०००. उत्तर तुमच्या करारातल्या भाड्याशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर शक्यता दोन: जुन्या भाडेकरूचं किंवा जुन्या कराराचं भाडं तसंच राहिलंय, नाहीतर मागच्या महिन्यांची थकलेली घरपट्टी एकदम लावलीये. माझ्या स्वतःच्या एका घरात करार नव्याने कमी भाड्यावर झाला, तरी बिल जुन्याच भाड्यावर येत राहिलं आणि माझ्या लक्षात यायला सात महिने गेले. तेव्हा हा गुणाकार मला माहीत नव्हता. नवी इजारी दाखवल्यावर दुरुस्ती झाली.

दुसरी ओळ सांडपाण्याची. ही पाण्याच्या वापरावर लागते, आणि अलीकडे तीच सगळ्यात वेगाने वाढते आहे. पूर्वी गॅलनला अर्धा फिल्स होता; २०२५ मध्ये दीड फिल्स झाला, २०२६ साठी २ आणि २०२७ साठी २.८ फिल्स जाहीर झाला आहे. घर बघायला गेल्यावर एजंट "आधीच्या भाडेकरूचं बिल बघा" म्हणून फोटो दाखवतो, तेव्हा म्हणूनच तारीख आधी बघा. २०२४ च्या बिलातली ही ओळ आणि तुमची ओळ सारखी निघणार नाही. भाच्याचे ३,०८० गॅलन, दीड फिल्सने ४६.२०.

९०८.२७, ३५० आणि ४६.२० मिळून १,३०४.४७. फोटोतली एकूण रक्कम साधारण हीच होती. तुमच्या फोटोत बेरीज जुळत नसेल तर "मागील बाकी" अशा अर्थाची ओळ शोधा. गेल्या महिन्याचे पैसे राहिले असतील तर ते एकूण रकमेत असतात, या महिन्याच्या खर्चात नसतात. नव्या घरात सुरुवातीला भरलेली अनामत रक्कम, फ्लॅटला २,००० आणि व्हिलाला ४,००० दिरहम, ही खर्चात धरू नका. घर सोडताना शेवटचं बिल वळतं करून ती परत मिळते.

मग २,४८५ युनिट खरे का?

हिशेब जुळला म्हणजे मीटरही बरोबर असं नाही. भाच्याला मी विचारलं, एसी किती आणि किती वेळ? दोन, दीड टनाचे, आणि ऑगस्टात दिवसरात्र. असा एसी कॉम्प्रेसर चालू असताना ढोबळ दीड किलोवॉट घेतो. दिवसात बारा तास कॉम्प्रेसर धरला तर १८ युनिट, महिन्याला ५४०. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो बारा तासांवर थांबत नाही. अठरा तास धरले तर एका एसीचे ८१० आणि दोघांचे १,६२०. उरलेल्या साडेआठशेत पाण्याचा हीटर, फ्रिज, विजेची शेगडी, वॉशिंग मशीन. हीटर उन्हाळाभर चालूच होता, टाकीतलं पाणी आपोआप गरम येत असताना. तो बंद केला.

इथे एक इशारा. मित्राच्या तेवढ्याच घराचं बिल निम्मं असेल तर लगेच मीटरवर शंका घेऊ नका. दुबईत बऱ्याच इमारतींत थंडावा मध्यवर्ती यंत्रणेतून येतो, त्याला चिलर म्हणतात. त्याचं बिल वेगळी कंपनी वेगळं पाठवते किंवा ते भाड्यातच असतं. अशा घराच्या देवाच्या बिलात एसीचा मोठा वाटा दिसतच नाही. आधी दोघांची इमारत कशी आहे ते विचारा.

तरीही शंका राहिली तर मीटरपाशी जा. तो बहुतेक मजल्यावरच्या कपाटात किंवा मीटरच्या खोलीत असतो. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने बदलतात. ज्या आकड्याशेजारी kWh दिसतं तो तुमचा. मीटर नंबर आणि हा आकडा एकाच फोटोत घ्या. मग घरातला मेन स्विच बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा फोटो घ्या. आकडा हलता कामा नये. घर बंद असून मीटर पळत असेल तर त्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी वायर आहे, किंवा तो तुमचा मीटरच नाही. एका ओळखीच्या कुटुंबाच्या बाबतीत शेजारच्या दोन घरांचे मीटर उलटे जोडलेले निघाले होते, आणि ते कळलं ते असंच: यांचा स्विच बंद केला आणि शेजाऱ्याचा मीटर थांबला.

पाण्याचं त्याहून सोपं. रात्री झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो घ्या, सकाळी नळ उघडायच्या आधी पुन्हा घ्या. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे त्याच्या आतल्या अंशांचे. गळती असेल तर ती लालमध्ये दिसते, आणि सात तासांत लाल आकडे सरकले असतील तर पहिला संशय संडासाच्या फ्लशच्या टाकीवर घ्या. टाकीत थोडा रंग टाका. अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे.

भाच्याच्या विजेच्या मीटरच्या दोन्ही फोटोंत आकडा तोच होता. त्याने हीटर बंद ठेवला, एसीच्या जाळ्या धुतल्या, आणि पुढच्या बिलाचा फोटो पाठवताना या वेळी फ्लॅश बंद करून पाठवला. त्यात १,९४० युनिट होते आणि घरपट्टी तीच, ३५०.